पावणेदोन किलो वजन, चौदा ठोके आणि एक घट्ट झालेली चप्पल

रुग्ण 66 वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले चालक, राहणार सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो. आठ वर्षांपूर्वी हृदयविकाराचा मोठा झटका, त्यानंतर बायपास. शस्त्रक्रियेत डाव्या पायाची शीर काढून हृदयाला जोडलेली. हे मुद्दाम सांगतो, कारण शीर काढलेला पाय संध्याकाळी थोडा सुजतो आणि पुढे हीच गोष्ट घरच्यांना गोंधळात टाकणार आहे. फेब्रुवारीत धाप आणि पायांवरच्या सुजेमुळे आबा सहा दिवस दवाखान्यात होते. इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता 30 टक्के आली, म्हणजे हृदय कमजोर झालेलं. घरी जाताना औषधं अशी: मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन 25, डॅपाग्लिफ्लोझिन 10 आणि लघवीवाटे पाणी काढणारी टॉरसेमाइड 10 मिलिग्रॅमची एक गोळी. शिवाय ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी.

अंगात पुन्हा पाणी साठू लागलं तर वेळेत कळावं म्हणून डिस्चार्जच्या दिवशी सुनेच्या हातात एक दोनशे पानी वही दिली. तीन रकाने: नाडी, वजन, घोटे. सूनबाई अंगणवाडीत काम करतात, मुलांची वजनं नोंदवायची त्यांना सवय आहे. त्यामुळे वही नीट राहिली. या प्रकरणात जे काही कळलं ते त्या वहीमुळे कळलं.

आकडा खरा कसा मिळवायचा

पहिल्याच आठवड्यात एक घोळ झाला. दवाखान्याच्या काट्यावर शेवटच्या दिवशी 59.2 किलो होते, घरच्या काट्यावर दुसऱ्या सकाळी 58.4. घरच्यांना वाटलं, एका रात्रीत जवळजवळ एक किलो उतरलं. उतरलं काहीच नव्हतं, काटे वेगळे होते. म्हणून दवाखान्यातला आकडा विसरायचा आणि घरी परतल्यानंतरच्या पहिल्या सकाळचं, घरच्या काट्यावरचं वजन धरायचं. पाय सुकलेले, धाप नाही, झोप आडवं पडून लागते, अशा स्थितीतल्या आठवडाभराच्या वजनांचा मध्य म्हणजे त्या माणसाचं आधारवजन. आबांचं 58.4 ठरलं. रोजचा फरक दोन-तीनशे ग्रॅमचा होता. तो जेवणाचा, शौचाचा, लुगडं-धोतराचा फरक असतो, त्यावरून काही ठरवायचं नाही.

क्रमालाही महत्त्व आहे. आधी नाडी, मग बाकीचं. सकाळी जाग आल्यावर खाटेवरच उठून बसायचं, पाच मिनिटं शांत राहायचं. चहा, तंबाखू, अंघोळ, फोनवरची भांडणं सगळं नंतर. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. ठोके एका लयीत पडतात की मध्येच चुकतात हेही पूर्ण मिनिटातच कळतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर किंवा बीपीच्या मशीनवर नाडीचा आकडा दिसतो खरा, पण ठोके अनियमित असतील तर काही ठोके मनगटापर्यंत किंवा बोटापर्यंत पोहोचतच नाहीत आणि मशीन कमी आकडा दाखवते. मशीन वापरायला माझी हरकत नाही, पण बोटं सोडू नयेत. स्मार्टवॉच वापरत असाल तर त्याचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडायचा, हाताने मोजलेल्या नाडीत मिसळायचा नाही.

नाडीनंतर लघवी करून यायचं आणि चहा-गोळ्यांच्या आधी वजन. काटा शहाबादी फरशीवर, रोज त्याच जागी. सतरंजीवर ठेवला तर एक-दीड किलोची गंमत होऊ शकते. मग घोटे. घोट्याच्या हाडाच्या वर नडगीवर अंगठा पाच ते दहा सेकंद दाबून धरायचा आणि उचलल्यावर खड्डा राहतो का ते पाहायचं. आबांच्या बाबतीत आम्ही टेपही वापरली. घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर पेनाने खूण केली आणि शिंप्याच्या टेपने दोन्ही पाय मोजले. डावा 23.5 सेंटिमीटर, उजवा 21.5. दोन पायांत दोन सेंटिमीटरचा फरक मुळातच होता, आणि तो एकदा लिहून ठेवल्यामुळे पुढे वाद झाला नाही. सगळ्यांनाच टेपची गरज नसते. ज्यांचा एक पाय कायमचा जाड असतो, त्यांना ती उपयोगी पडते.

सूज सकाळी पाहायची की संध्याकाळी, हा प्रश्न सूनबाईंनी विचारला होता आणि तो योग्य होता. दिवसभर पाय लोंबकळून संध्याकाळी थोडी सूज येणं आणि रात्रभर आडवं पडून ती ओसरणं, हे पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत दिसतं. रात्रभर झोपूनही सकाळी खड्डा पडतो आहे, ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून नोंद सकाळची.

चैत्रातली यात्रा

एप्रिलमध्ये गावची यात्रा. पाहुणे, मटण, तिखट रस्सा, दुसऱ्या दिवशी उरलेलं, शिवाय पापड-लोणचं. आबा दिवसभर पालखीबरोबर उभे राहिले आणि रविवारी रात्री गुडघा धरला. पुतण्याने मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, सकाळ-संध्याकाळ एक. पुढच्या पाच सकाळच्या नोंदी वहीतून जशाच्या तशा देतो. घोट्याचं माप उजव्या पायाचं आहे.

सोमवार: नाडी 66, वजन 58.5, घोटा 21.5
मंगळवार: नाडी 70, वजन 58.9, घोटा 21.5
बुधवार: नाडी 72, वजन 59.3, घोटा 21.5
गुरुवार: नाडी 76, वजन 59.7, घोटा 21.8
शुक्रवार: नाडी 80, वजन 60.2, घोटा 22.4, खड्डा पडतो

शुक्रवारी सकाळी साडेसातला सूनबाईंचा फोन आला. कारण वजन नव्हतं, नाडीही नव्हती. उजव्या पायाची चप्पल घट्ट झाली होती. डावा पाय तर नेहमीचाच, पण उजवा कधी सुजत नाही, म्हणून त्या घाबरल्या.

या पाच ओळी सावकाश पाहाव्यात, कारण बहुतेक घरांमध्ये हे असंच घडतं. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांचा नियम सांगतो की तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन अचानक वाढलं तर कळवा. अमेरिकेत सांगतात, एका दिवसात साधारण एक ते दीड किलो किंवा आठवड्यात सव्वादोन किलो. आबांच्या वहीत यांपैकी एकही रेषा ओलांडलेली नाही. एका दिवसातली सर्वांत मोठी वाढ अर्धा किलोची आहे. कोणत्याही तीन दिवसांत दीड किलोही भरत नाही. नाडी 80 म्हणजे कुठल्याही तक्त्यात नॉर्मलच. नियम हातात घेऊन बसलेल्या माणसाने शुक्रवारीसुद्धा फोन केला नसता.

तरीही आबांच्या शरीरात पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी जमलं होतं. हे ठामपणे म्हणता येतं, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि चार दिवसांत पावणेदोन किलो चरबी चढत नाही. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साडेसात हजारांहून अधिक कॅलरी जास्तीच्या पोटात जाव्या लागतात. यात्रेचं मटण कितीही ओरपलं तरी तेवढं होत नाही. वजन रोज वाढतं आहे, रोज एकाच दिशेने वाढतं आहे आणि मध्ये एकदाही मागे येत नाही, ही चाल पाण्याची आहे. जेवणाच्या फरकाने आकडा मागे-पुढे होतो, जिन्यासारखा चढत नाही.

नाडीचं गणित जरा वेगळं. कमजोर हृदय एका ठोक्यात कमी रक्त फेकतं. अंगात पाणी वाढून त्याच्यावरचा ताण वाढला, की शरीर ठोक्यांची संख्या वाढवून ती तूट भरून काढायला बघतं. निरोगी माणसाची नाडी 66 वरून 80 झाली तर त्याची शंभर कारणं निघतील. पण आबा मेटोप्रोलॉल घेतात. ती गोळी ठोक्यांना लगाम घालते. गोळी चुकलेली नसताना, ताप नसताना, सकाळच्या शांत वेळी नाडी रोज थोडी वर सरकते आहे, याचा अर्थ शरीर त्या लगामाला न जुमानता जोर लावत आहे. म्हणून या रुग्णांमध्ये नॉर्मल-अॅबनॉर्मलच्या तक्त्यापेक्षा त्या माणसाचा स्वतःचा नेहमीचा आकडा जास्त बोलतो. आबांच्या वहीत आधी चार महिन्यांचा नाही, पण दीड महिन्यांचा तरी 64 ते 68 हा आकडा होता. तो नसता तर शुक्रवारच्या 80 चा काही अर्थ लागला नसता.

आणि सूज सगळ्यांत शेवटी आली. हे अपवादाने घडलं नाही. अंगठ्याने खड्डा पडण्याएवढी सूज दिसायला शरीरात आधी बरंच पाणी साठावं लागतं. घरचे मात्र सुजेचीच वाट पाहतात, कारण ती डोळ्यांना दिसते.

फोनवर

फोनवर पहिला प्रश्न विचारला, रात्री किती उशा घेतात? सूनबाई म्हणाल्या, "दोन. कालपासून दुसरी मागितली. उकडतंय म्हणाले." एप्रिलचा उकाडा होता हे खरं, पण उकाड्याला माणूस उशी मागत नाही, पंखा मागतो. आडवं पडल्यावर पायातलं पाणी वर येतं, फुप्फुसांवर भार पडतो आणि डोकं उंच केल्यावर बरं वाटतं. वाढलेली उशी हा धापेचाच पहिला प्रकार आहे, फक्त रुग्ण तिला धाप म्हणत नाही.

मग विचारलं, नवीन काही औषध? ठाम उत्तर आलं, "नाही." लघवी कमी होते का, गोळी चुकली का, यालाही नाही. सहज म्हणून विचारलं, यात्रेत फिरून अंग-बिंग दुखलं का? तेव्हा डायक्लोफिनॅक बाहेर आलं. दुखण्याच्या गोळीला कोणी औषध मानत नाही, ती मेडिकलवाल्याने दिलेली "साधी गोळी" असते. म्हणून आता मी औषध हा शब्दच टाळून विचारतो, "मेडिकलमधून काय काय आणलं?"

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. टॉरसेमाइड पाणी बाहेर काढत असते, ही गोळी तिचा हात धरते. त्यावर यात्रेचं मीठ. शिवाय सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन यांच्या जोडीला ही गोळी आली की मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं. म्हणून हे प्रकरण फोनवर "टॉरसेमाइड दोन घ्या" म्हणून सोडण्यासारखं नव्हतं. त्याच दिवशी बोलावलं.

तपासणीत मानेची शीर फुगलेली, छातीत दोन्ही बाजूंना तळाशी बारीक आवाज, रक्तदाब 136/84, ऑक्सिजन 95. कार्डिओग्राममध्ये लय नियमित, नवीन काही नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन फेब्रुवारीत 1.1 होतं ते 1.5 झालेलं, पोटॅशियम 5.4. दुखण्याची गोळी बंद, स्पायरोनोलॅक्टोन पुढच्या रक्ततपासणीपर्यंत थांबवली, टॉरसेमाइड तीन दिवसांसाठी 20. गुडघ्याला शेक आणि लागली तरच पॅरासिटामॉल. ॲडमिट करावं लागलं नाही. बसल्या जागी धाप असती किंवा ऑक्सिजन उतरलेला असता तर करावं लागलं असतं.

शनिवारी वजन 59.5, रविवारी 58.9, सोमवारी 58.6. नाडी मागून उतरली: 78, 74, 70 आणि बुधवारी 66. घोटा 21.5 वर यायला मंगळवार उजाडला. सोमवारीच टॉरसेमाइड परत 10 वर आणली. वाढवलेला डोस कमी करायचं राहून जातं आणि पंधरा दिवसांनी रुग्ण चक्कर येऊन पडतो, हे मी पुरेसं पाहिलं आहे. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम जागेवर आल्यावर स्पायरोनोलॅक्टोन पुन्हा सुरू केली.

फोन कोणत्या दिवशी व्हायला हवा होता?

माझ्या मते गुरुवारी. बुधवारी वजन आधारापेक्षा 900 ग्रॅम वर होतं आणि नाडी नेहमीच्या वरच्या टोकापेक्षा चारच ठोके पुढे. यात्रेनंतरच्या दोन दिवसांत एवढं होऊ शकतं. बुधवारी फक्त मीठ आवरायचं आणि वही उघडी ठेवायची. गुरुवारी वजन 1.3 किलो वर गेलं, नाडी नेहमीपेक्षा 8 ते 10 ठोके वर गेली आणि सलग चौथी सकाळ आकडा चढताच राहिला. त्यापैकी एकच गोष्ट असती तर आणखी एक सकाळ थांबता आलं असतं. दोन्ही एकत्र आल्यावर थांबायचं नाही, मग सूज असो वा नसो. आबांच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्यापुरता हा नियम लिहिला: वजन 59.4 च्या वर आणि त्याच सकाळी नाडी 75 च्या वर, तर त्याच दिवशी फोन. तीन दिवसांत दोन किलोचा नियम आहेच, पण आबा मुळात अठ्ठावन्न किलोचे. ऐंशी किलोच्या माणसाचे दोन किलो आणि त्यांचे दोन किलो सारखे नाहीत.

इथे थोडं विषयांतर. नुसत्या नोंदीने काय साधतं, यावर मोठे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निकाल परस्परविरोधी दिसतात. हृदय कमजोर झाल्यामुळे दवाखान्यात भरती होण्याच्या किमान आठवडाभर आधी वजन चढायला लागतं, असं अमेरिकेत 2007 मध्ये दाखवलं गेलं. मग 2010 मध्ये तिथल्याच टेली-एचएफ या 1,653 रुग्णांच्या चाचणीत रुग्णांनी रोज फोनच्या यंत्रणेवर वजन आणि लक्षणं कळवली, तरी भरती होणं आणि मृत्यू कमी झाले नाहीत. 2018 मध्ये जर्मनीतल्या टिम-एचएफ2 चाचणीत 1,571 रुग्ण होते, तिथे फायदा दिसला. दोन्हींत एक फरक ठळक आहे. जर्मनीत आकडे पोहोचले की ते चोवीस तास बसलेले डॉक्टर आणि परिचारिका पाहत होते आणि लगेच काही करत होते. आपल्याकडे चोवीस तासांचं केंद्र नाही, पण वहीच्या पहिल्या पानावर एक नंबर आणि तो उचलणारा माणूस तरी हवा. नाहीतर वही म्हणजे दुधाचा हिशेब.

वजन उतरलं तेव्हा

ऑगस्टमध्ये वही उलट्या दिशेने बोलली. आबांना दोन दिवस जुलाब. वजन 58.3 वरून 56.8. घोटे सुकून टेपवर 21.2. घरात समाधान, कारण फेब्रुवारीपासून सगळ्यांच्या डोक्यात "वजन उतरलं म्हणजे बरं" बसलेलं. नाडी मात्र 94.

हा फोन एप्रिलच्या फोनएवढाच तातडीचा आहे, आणि तो जवळपास कुणीच करत नाही. एप्रिलमध्ये नाडी वाढली ती पाणी जास्त झाल्याने, ऑगस्टमध्ये वाढली ती पाणी कमी पडल्याने. नाडी एकटी पाहिली तर दोन्ही वेळा सारखीच दिसते. वजन शेजारी ठेवलं की दिशा कळते. सूनबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, खाटेवरून उठले की आबांना अंधारी येते. अशा वेळी टॉरसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालूच ठेवल्या तर त्या उरलंसुरलं पाणी काढतात, मूत्रपिंड सुकतं, पोटॅशियम चढतं. पोटात अन्न नसताना डॅपाग्लिफ्लोझिन घेत राहिल्याने रक्तात आम्ल साठण्याचाही धोका असतो. आबांना त्याच सकाळी आणलं. उभं राहिल्यावर रक्तदाब 84. या तिन्ही गोळ्या आणि रक्तदाब उतरवणारी सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन जुलाब थांबेपर्यंत बंद ठेवल्या, मेटोप्रोलॉल चालू ठेवली, ओआरएस मोजून दिलं, रक्त तपासलं. पुढे एकेक गोळी परत सुरू केली. कोणती थांबवायची आणि कोणती नाही, हे प्रत्येक रुग्णात वेगळं असतं. म्हणून घरच्यांनी मनाने थांबवू नये, फोन करावा. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी तोडली तर नाडी उसळते.

या वेळी शेजारच्यांनी शहाळ्याचं पाणी आणून दिलं होतं. स्पायरोनोलॅक्टोनवर असलेल्या आणि मूत्रपिंड थकलेल्या माणसाला दिवसाला तीन-चार शहाळी देणं चांगलं नाही, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. "कमी सोडियमचं" म्हणून मिळणाऱ्या मिठाचंही तेच. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. पोटॅशियम फार चढलं की नाडी वाढत नाही, मंदावते. हातापायांत गळून गेल्यासारखं होणं आणि नाडी एकदम पन्नासच्या खाली येणं, ही जोडी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

नाडीबद्दलच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. शांत बसून नाडी शंभराच्या वर आली तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढीच असेल तर त्याच दिवशी कळवा, आणि 120 च्या वर असेल तर लगेच दवाखाना. आजवर लयीत पडणारे ठोके अचानक वाटेल तसे पडू लागले तर आकडा कितीही असो, त्याच दिवशी कार्डिओग्राम हवा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली असू शकते, आणि त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. 48 ते 50 नाडी, पण चक्कर नाही, थकवा नाही, असं असेल तर दिवसा फोन करून विचारलं तरी चालतं. चक्कर असेल किंवा डोळ्यांपुढे अंधार येत असेल तर तसं नाही.

काही गोष्टींना वही लागतच नाही. बसल्या जागी धाप, रात्री श्वास कोंडून उठून बसावं लागणं, गुलाबीसर फेसाळ थुंकी, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ निळे पडणं. इथे नाडी मोजत बसायचं नाही, 108 लावायचा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर तेही हृदयाचं पाणी समजून गोळी वाढवू नये. ती पायातल्या शिरेतली गुठळी असू शकते आणि त्याच दिवशी पाय दाखवायला हवा. आबांच्या शीर काढलेल्या डाव्या पायाला तर हे विशेष लागू आहे, कारण त्याच्या सुजेकडे घरच्यांचं लक्षच जात नाही.

वही कुठे फसवते

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वहीत काहीच घडत नव्हतं. वजन 58.2 ते 58.6, नाडी 68 ते 70. तपासणीला आले तेव्हा आबांचे खांदे उतरलेले, दंड बारीक, आणि पोट मात्र टणक. जेवण अर्ध्यावर आलं होतं, दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटायचं. जुनाट हृदयविकारात स्नायू झिजतात. दोन महिन्यांत एक-दीड किलो मांस गेलं आणि तेवढंच पाणी पोटात आणि पायांत आलं, तर काटा जागचा हलत नाही. शिवाय हृदयातला दाब पाणी वाढण्याआधीही चढतो, आणि काही रुग्णांत वजन कधी वाढतच नाही. पाणी आधीपासून शरीरातच असतं, फक्त पोटातल्या शिरांमधून छातीकडे सरकतं. अशा रुग्णात काट्यावर विसंबलात तर भरती होईपर्यंत काही कळणार नाही. घट्ट होणारी पायजम्याची नाडी, कमी झालेलं जेवण, वाढलेली उशी, जिन्यावर आधी न लागणारी धाप, हे सगळं म्हणून चौथ्या रकान्यात लिहायला सांगितलं. आकडे नाहीत, नुसते शब्द.

आबांच्या घोट्यावर तेव्हा सकाळीही पुसटसा खड्डा पडत होता, उजवा 22.0. टेपचा आकडा अर्ध्या सेंटिमीटरने वाढलेला होता, पण दोन महिन्यांत मिलिमीटर-मिलिमीटरने सरकल्यामुळे कुणाला वाढ वाटली नाही. टॉरसेमाइड काही दिवस वाढवून पाणी काढलं, तेव्हा वजन 57.1 वर स्थिरावलं. पहिल्या पानावरचं 58.4 खोडून 57.1 लिहिलं, आणि फोनची रेषा 59.4 वरून 58.1 वर आणली. ती आणली नसती तर पुढच्या वेळी आबा सव्वादोन किलो पाणी अंगावर वागवत असते आणि वहीच्या हिशेबाने सगळं ठीक दिसलं असतं. दर दोन-तीन महिन्यांनी, औषध बदललं की आणि दवाखान्यातून परतलं की, आधारवजन डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यायचं. घरी फक्त काटा असतो. मानेची शीर, छातीचा तळ आणि पोट त्याच वेळी कुणीतरी तपासलेलं असावं लागतं.